फुगलेल्या पनीरची तक्रार

गंगाधर राजाध्यक्षांनी शिवडीच्या एका गोदाम कंपनीत छत्तीस वर्षं एकच काम केलं. वाटेत खराब झालेल्या मालाचे दावे तपासायचं. निवृत्तीनंतर गिरगावच्या चाळीत कुणाचं वीजबिल चुकलं, कुणाचं पेन्शन अडलं, की माणूस त्यांच्याच दारात यायचा. ते चष्मा पुसायचे, कागद पुढे ओढायचे आणि अर्ज लिहून द्यायचे. ‘राजाध्यक्षांनी करून दिलं’ एवढं कानावर आलं, की त्यांचं पोट भरायचं.

मग दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या विनीतची बायको म्हणून अपेक्षा आली. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली, परळला नोकरी. तोवर दहा मिनिटांत किराणा आणून देणारं ॲप घरोघरी पोचलं होतं. कुणाची काकडी सडकी निघाली, दही आंबट निघालं, की अपेक्षा जिन्यातच उभी राहून दोन अंगठ्यांनी पैसे परत मिळवून द्यायची. कमलाबाईंचे पेन्शनचे तीन अर्ज गंगाधररावांनी लिहिले होते. त्याच कमलाबाई त्यांच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “पोरगी भारी हुशार हो! कागद नाही, पेन नाही.”

“हो का?” गंगाधरराव म्हणाले. त्या दुपारी त्यांनी भात अर्धा टाकला.

मे महिन्यातल्या एका रविवारी पाहुणे यायचे होते, म्हणून त्यांच्या पत्नी मृणालिनीताईंनी पनीर, दूध आणि पालक मागवला. चार वाजून सहा मिनिटांनी पिशवी आली. पनीरचं पाकीट उशीसारखं फुगलेलं, दुधाची पिशवी टम्म, पालक काळा पडून चिकट झालेला.

“अपेक्षाला हाक मारते,” मृणालिनीताई म्हणाल्या.

“कशाला? मी मेलोय का?”

त्यांनी फोटो काढले, चॅटमध्ये ‘महोदय’ घालून लांबलचक तक्रार लिहिली. उत्तर आलं, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’, आणि सोबत पन्नास रुपयांचं कूपन. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा दिलगिरी. अर्धा तास गेला. मृणालिनीताई गॅलरीत गेल्या आणि त्यांनी वर हाक मारली.

अपेक्षा ओल्या केसांनीच खाली आली. “काका, फोटोवर वेळ कुठेय? आणि लेबल पण दिसत नाही.”

तिच्या फोनवरचा कॅमेरा फोटोवरच तारीख आणि वेळ छापायचा. माल चार सहाला आल्याची नोंद ॲपमध्ये होतीच. पाकीट अजून सीलबंद होतं. फुगवटा, सील आणि पॅकिंगची तारीख एकाच फोटोत येईल, असं तिनं ते धरायला लावलं. गंगाधरराव शिपायासारखे पाकीट धरून उभे राहिले. हीच गोष्ट हाताखालच्या पोरांना शिकवायला त्यांना वर्ष वर्ष लागायचं. हिला कुणी शिकवली?

या वेळी चॅटवर माणूस आला. ‘फोटो मिळाले. उद्या माल परत न्यायला येऊ, तोवर ठेवून द्या. तपासणीनंतर रक्कम मिळेल.’

अपेक्षानं सुस्कारा सोडला. “इथेच अडतं, काका. मग देतील तेवढे घेऊन मी सोडून देते.”

गंगाधररावांना बरं वाटलं. खोटं कशाला, चांगलंच बरं वाटलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. छत्तीस वर्षांत दावा करणाऱ्यांच्या ज्या दोन-चार मुद्द्यांपुढे त्यांचं स्वतःचं काही चाललं नव्हतं, त्यातलाच हा एक. ते गप्प बसले. हिचंही अडू दे एकदा. पण मृणालिनीताई त्यांच्याकडे बघत होत्या. त्या तो चेहरा ओळखत होत्या.

“लिही,” ते शेवटी म्हणाले. “नाशवंत माल परत घेतला जात नाही, हा तुमचाच नियम आहे. आहे ना गं तिथे?”

तिनं नियम उघडून पाहिले. “आहे, काका!”

“पुढे लिही. उद्यापर्यंत माल आणखी बिघडेल, त्यामुळे आज तो कसा मिळाला हे उद्याच्या तपासणीत कळणार नाही. आजची स्थिती वेळेसकट फोटोत आहे. तेव्हा माल परत न करता तिन्ही वस्तूंची पूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा करावी. कूपन नको.”

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं: ‘पूर्ण परतावा मंजूर. माल परत देण्याची गरज नाही.’

अपेक्षा ओरडलीच. “काका, काय वाक्य आहे! मी हे जपून ठेवते.”

“ठेव,” ते म्हणाले. देऊन बसल्यावर वाईट वाटलं.

दोन दिवसांत पैसे आले. पुढच्या आठवड्यात कमलाबाईंचं चिकन वास मारत निघालं आणि त्यांचेही पूर्ण पैसे परत आले. गंगाधरराव खिडकीशी उभे राहून जिन्यातलं बोलणं ऐकत होते.

“वाक्य काकांचंय,” अपेक्षा सांगत होती.

ते जरा पुढे झुकले.

“असेल गं,” कमलाबाई म्हणाल्या, “पण करून तूच दिलंस ना!”

गंगाधररावांनी खिडकी लावून घेतली. मृणालिनीताईंनी विचारलं, “एवढ्या उकाड्यात?”

“धूळ येते,” ते म्हणाले.