दुसरा वर्किंग डे

बर्मिंगहॅमच्या त्या इंजिनिअरिंग कंपनीत महिनाअखेरीचे हिशेब एका एक्सेलच्या चेकलिस्टवर बंद व्हायचे. प्रत्येक ओळीत एक काम, ते कोणाचं, त्याआधी कोणतं काम संपायला हवं आणि कितव्या वर्किंग डेपर्यंत. संपलं की आपली आद्याक्षरं टाकायची. पहिल्या दिवशी पर्चेस लेजर बंद, दुसऱ्या दिवशी ग्लासगोच्या कारखान्याचा स्टॉकचा आकडा, आणि त्यावरून तिसऱ्या दिवशी मी नफ्याचं मार्जिन काढायचं. स्टॉक आला नाही तर मला हातावर हात ठेवून बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ग्लासगोचा आकडा पाठवणाऱ्या बाई तिथे कित्येक वर्षं होत्या. मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. नोकरी गेली तर व्हिसाही गेला. त्यात ग्लासगोचं काम बर्मिंगहॅमला हलवणार अशी कुजबुज होती. कानामागून आलेला मीच तिखट होणार, हे बाईंना ठाऊक असणारच. जूनचा आकडा त्यांच्याकडून उशिरा आला आणि बोलणी मी खाल्ली. तेव्हापासून त्यांच्या ‘गुड मॉर्निंग’मध्येही मला काहीतरी वास यायचा.

जुलैचा क्लोज, म्हणजे हिशेब बंद करणं, माझ्या प्रोबेशनमधलं शेवटचं. एक ऑगस्ट शुक्रवारी आला, म्हणजे सोमवार दुसरा वर्किंग डे. दुपार झाली तरी बाईंची ओळ रिकामीच. फोन केला तर नुसताच वाजत राहिला. पुन्हा केला, पुन्हा तेच. मला खात्रीच पटली की ही बाई मला गाळात घालते आहे. घरी फोन केला तर बायको म्हणाली, "अरे, फोन उचलला नाही म्हणून लगेच कट कसला? आजारी असतील बिचाऱ्या."

"बिचाऱ्या? तू ओळखत नाहीस त्यांना," मी म्हणालो. ओळखत मीही नव्हतो.

संध्याकाळी मी मॅनेजरला कॉपी करून बाईंना मेल टाकला. भाषा सभ्य, पण प्रत्येक वाक्यात सुई. तुमच्यामुळे उद्याचं माझं काम अडलं आहे, हे मी तीन तऱ्हांनी लिहिलं.

मंगळवारी सकाळी आकडा आला आणि मागोमाग सगळ्यांना उत्तर. ‘काल स्कॉटलंडमध्ये बँक हॉलिडे होता. तुमच्या चेकलिस्टला फक्त इंग्लंडच्या सुट्ट्या माहीत आहेत. इतकी वर्षं मी त्या दिवशी येऊन हा आकडा देत आले. या वर्षी माझं काम बर्मिंगहॅमला जाणार असं मला सांगण्यात आलं. म्हणून मी सुट्टी घेतली.’

मॅनेजरचा चेहरा लालबुंद झाला. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी तिकडे सार्वजनिक सुट्टी असते, हे त्याच्या गावीही नव्हतं. पण मला लाज वाटायच्या आधी संशयच आला. ठाऊक होतं तर शुक्रवारी एक ओळ का लिहिली नाही? मुद्दामच ना? मी फोन करून तसं विचारलंही.

बाई शांतपणे म्हणाल्या, "हो, मुद्दामच. मी नसले तर काय होतं, ते एकदा कुणीतरी बघावं असं वाटलं. तुमच्याशी माझं वैर नाही. मला फक्त सगळं काम पायरीपायरीने लिहून द्यायला सांगितलं, हॉलिडे कव्हरसाठी म्हणून, मी रजेवर असले तर दुसऱ्या कुणाला करता यावं. लिहून झालं आणि निरोप आला."

आम्ही तो क्लोज कसाबसा गाठला. चेकलिस्टमध्ये स्कॉटलंडच्या सुट्ट्यांचा वेगळा कॉलम आला. मी नोकरीत कायम झालो आणि हिवाळ्यापर्यंत बाईंच्या ओळीत माझी आद्याक्षरं आली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? बाईंना मात्र मी पुन्हा फोन केला नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुमारास मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. चहाही घेऊन आला होता, एरवी तो कधी आणत नसे.

"तुझी कामं जरा पायरीपायरीने लिहून काढशील का? घाई नाही. हॉलिडे कव्हरसाठी."

मनात पाल चुकचुकली. तो गेल्यावर मी चेकलिस्ट उघडली. सुट्ट्यांच्या पानावर इंग्लंड, त्याशेजारी स्कॉटलंड आणि त्याच्या शेजारी एक नवा, अर्धवट भरलेला कॉलम. वर लिहिलं होतं, पुणे. खाली पंधरा ऑगस्ट. पुढचे रकाने रिकामे.

थोड्या वेळाने तो पुन्हा डोकावला. "अरे, तू तिकडचाच ना! ती गणपतीची सुट्टी यंदा कधी येते?"

मी कॅलेंडर बघून त्याला तारीख सांगितली.