दुसऱ्या माणसाचं नाव

सन दोन हजार चोवीस. मी एक्काहत्तर वर्षांचा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा दिल्लीला एकटा गेलो. बल्लारपूरहून गाडीत बसलो तेव्हा पिशवीत दोन सदरे, हाटेलचे फोटो, दराचे कागद आणि एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं. त्या कार्डावर मी तिथं काय बोलायचं ते लिहिलेलं होतं.

माझं हाटेल ताडोब्याच्या गेटापासून गाडीनं वीस मिनिटांवर आहे. सहा खोल्या. विटा मी स्वतः वाहिल्या आहेत. शाळा चौथीपर्यंत झाली, पण विहिरीचं पाणी कुठं लागेल ते मी सांगितलं आणि तिथंच लागलं. हे मी कोणालाही ऐकवतो. बायको होती तोवर ती मला मध्येच थांबवायची. ती जाऊन तीन वर्षं झाली होती.

दिल्लीच्या पर्यटन मेळ्याला जायचं कारण सरळ होतं. आमच्या भागात मोठमोठे रिसॉर्ट आले. शनिवार-रविवारचे नागपूरचं गिऱ्हाईक तिकडं गेलं. एका कंपनीनं माझं हाटेल चालवायला मागितलं होतं. हैदराबादचा मुलगा म्हणे, ‘देऊन टाका बाबा, मागच्या खोलीत आरामात राहा.’ माझ्या घरात मी मागच्या खोलीत राहू? मी त्याला सांगितलं, परदेशी पाहुण्यांचं काम आणून दाखवतो. नाही आणलं तर एप्रिलात तू म्हणशील तिथं सही करतो. त्यानंतर आमचं बोलणं झालं नव्हतं.

परदेशी पाहुणे आपल्याकडं थेट येत नाहीत. त्यांना देशात फिरवणाऱ्या कंपन्या असतात दिल्ली-मुंबईला. त्यांचे लोक मेळ्यात टेबलं मांडून बसतात, आपल्याला वेळ नेमून दिलेली असते. पंधरा मिनिटं. तेवढ्यात काय ते सांगायचं. घंटी वाजली की उठायचं.

कार्ड माझ्या स्वयंपाकघरातल्या बाईनं लिहिलं होतं. ती दहावी शिकलेली, गावातलीच, नवरा वारलेला. एकोणीस वर्षं ती आमच्याकडं रांधत होती. माझं अक्षर डुगडुगतं म्हणून मी सांगत होतो, ती लिहीत होती. पण ऐकून घेईल तर ती कसली!

‘‘भाऊ, विहिरीचं नका सांगू.’’

‘‘काऊन?’’

‘‘लोक विहीर पाहाले येऊन राह्यले का? पाहुणे काय विचारतेत ते मले माईत आहे. मी वाढत असतो न तवा आयकतो. पलंग जोडून आहे का वेगळे, गाईडले इंग्रजी येते का, पहाटे निघताना नाश्ता बांधून देता का. ते सांगा.’’

तिनं आठ मुद्दे लिहिले. सहा खोल्या, पलंग हवे तसे. गेट वीस मिनिटं, नागपूरचं विमानतळ तीन तास. मंगळवारी आतलं जंगल बंद, पावसाळ्यातही बंद, पण बाहेरचं बफर चालू असते, हे आधीच सांगावं. सफारीचं परमिट ऑनलाइन, पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लागते. दर जेवणासकट, सफारी वेगळी. वाघ दिसेल असं वचन देऊ नये. तळ्यावर पक्षी. आठवा मुद्दा तिनं लिहिला, ‘स्वयंपाकघर गावच्या बाया चालवतात.’ तो मी खोडून ‘घरच्यासारखं जेवण’ असं लिहायला लावलं.

पहिल्या दिवशी मी कार्ड खिशातून काढलंच नाही. कागद पाहून बोलायला मी काय पोपट आहे? पहिल्या टेबलावर टायवाले एक साहेब होते. मी हिंदीत विटांपासून सुरू झालो. विहिरीला पाणी लागलं आणि घंटी वाजली. साहेबांनी हात जोडले. दुसऱ्या टेबलावर मी विहीर सोडली, पण रिसॉर्टवाल्यांनी आमचा रस्ता कसा बिघडवला त्यावर घसरलो. तिथंही घंटी. तिसऱ्यानं एकच प्रश्न विचारला, ‘‘नेट रेट क्या है, कब तक का?’’ म्हणजे कंपनीला पडणारा दर, त्यांचा नफा त्यावर ते लावणार. मी यंदाचा दर सांगितला. तो हसला. म्हणाला, हमारे यहाँ दो साल आगे का बिकता है, बाबूजी. परदेशातली माणसं दीड-दोन वर्षं आधी प्रवास ठरवतात, हे मला तिथं कळलं.

दुपारी भिंतीशी बसून मी पोळी खाल्ली. एवढ्या मोठ्या मांडवात हजारो माणसं होती आणि सगळ्यांच्या गळ्यात नावाची पट्टी होती. माझ्याही होती. कोणी ती वाचत नव्हतं. शेजारचे लोक दोघे-दोघे, चौघे-चौघे आलेले. एक बोलायचा, एक लिहून घ्यायचा, एक चहा आणायचा. बायको असती तर म्हणाली असती, ‘झालं तुमचं भाषण? आता कार्ड काढा.’

काढलं.

चार वाजताच्या टेबलावर एक पोरगी होती, तीसेक वर्षांची, दिल्लीच्या कंपनीत. माझी पट्टी तिनं वाचली आणि मराठीत म्हणाली, ‘‘काका, चंद्रपूरहून? मी नाशिकची.’’

मी तिला आठही मुद्दे वाचून दाखवले. बोट ठेवून वाचले. नऊ मिनिटं लागली. वाघाच्या मुद्द्यावर ती थांबली.

‘‘सगळे म्हणतात वाघ नक्की दिसेल.’’

‘‘वाघ माह्या घरचा बैल आहे का? आला तं आला.’’

ती हसली. तिच्याकडं पक्षी पाहणारे हॉलंडचे बारा लोक होते, दोन हिवाळ्यांनी यायचे. सहाही खोल्या, चार रात्री. आवडले तर दरवर्षी एक गट. तिनं खोल्यांचे फोटो पाहिले, आंघोळीच्या पाण्याचं विचारलं, जवळचा दवाखाना विचारला. दोन वर्षं पुढचा दर मी तिथंच ठरवून सांगितला. मग तिनं फॉर्म पुढं केला.

‘‘इथं तुमचा नंबर. आणि इथं दुसऱ्या माणसाचा. रात्री-बेरात्री पाहुण्याला काही झालं तर आमचं ऑफिस फोन करतं. तुम्ही नाही उचलला तर हा माणूस उचलेल. हाटेलवरच राहणारा पाहिजे.’’

‘‘मी उचलतोच.’’

‘‘तरी दुसरा लागतो, काका. हा रकाना रिकामा असेल तर फॉर्म पुढं जात नाही.’’

मी लिहिला. जो दुसरा नंबर मला पाठ होता तो लिहिला, बायकोचा. तीन वर्षं मी त्याच्यात पैसे भरत होतो, कारण जुने पाहुणे अजून त्याच्यावर निरोप पाठवत. नावही तिचंच लिहिलं. त्या वेळी मला त्यात काही खोटं वाटलं नाही. नंबर चालू होता, फोन उचलला गेला असता. मीच उचलला असता, एवढंच.

त्या पोरीनं तिथल्या तिथं नंबर फिरवला. त्यांची पद्धतच असते ती, खात्री करून घेतात.

माझ्या पिशवीत, सदऱ्यांच्या खाली, फोन वाजायला लागला.

तो लवकर सापडेना. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं पाहू लागली. हाती लागला तोवर तिनं कापला होता. तिनं फॉर्मवरच्या नावावर बोट ठेवलं.

‘‘या कोण, काका?’’

‘‘घरची.’’

‘‘त्या कुठं आहेत?’’

मी फोन पुन्हा सदऱ्यांखाली सारला. तिला कळलं असावं. आवाज खाली आणून ती म्हणाली, ‘‘तुम्ही आजारी पडलात तर?’’

‘‘मी पडत नाई आजारी.’’

‘‘मुलगा, सून कोणी?’’

‘‘तो हैदराबादले आहे. अन् तुले पाहुणे द्याचे नसन तं नको देऊ. माणूस मोजून हाटेल पाहाची हे कोणती रीत?’’

हे बोललो आणि घंटी वाजली. तिनं फॉर्म फाडला नाही. माझ्याकडं सरकवला. ‘‘उद्या बारापर्यंत मी इथंच आहे. जागेवरचा खरा माणूस लिहून आणा. नाहीतर खोल्या मला दुसरीकडं धराव्या लागतील.’’

स्टेशनजवळच्या लॉजवर मी खाटेवर बसून माणसं मोजली. गाडीवाला पावसाळ्यात गावी जातो. गाईड आज माझ्याकडं, उद्या रिसॉर्टकडं. शेजारच्याशी मी कुंपणाच्या भांडणावरून आठ वर्षं बोललो नाही. मुलाचं नाव लिहून तो आता हाटेलवर येऊन राहणार असं सांगता आलं असतं, पण त्यासाठी त्याला फोन करावा लागला असता, आणि तो म्हणाला असता, बघा. मोजणी एवढ्यावर संपली. माणूस जोडण्याचं काम बायको करायची. मी भिंती बांधायचो. असं मी पूर्वी कधी मनात आणलं नव्हतं. घर सोडून दोन दिवस झाले होते आणि मला एकही फोन आला नव्हता.

झोपताना ध्यानात आलं की हाटेल तर चालू आहे. दोन खोल्या भरलेल्या. मग पाहुण्यांना पहाटे चारला उठवत कोण असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, पाहुणे सफारीवर गेले असतील असा अंदाज धरून, मी बाईला फोन लावायला घेतला. तिचा नंबर माझ्या फोनात नव्हता. एकोणीस वर्षं मी अंगणातून हाक मारत होतो. बायकोच्या फोनात सापडला, तो पाहून माझ्या फोनवर लावला.

‘‘भाऊ? काय झालं? तब्येत बरी आहे न?’’

‘‘बरी आहे. फॉर्मात एक नाव लिहाचं आहे. रात्री फोन आला तं उचलनारं मानूस.’’

‘‘आता कोण उचलते? तुमी इकडं असले तरी घोरत असता. मागच्या साली तो मुंबईवाला उलट्या करून राह्यला होता, तवा दवाखान्यात कोणं नेलं?’’

मला ते माहीतच नव्हतं.

‘‘तुहं लिहू का?’’

तिच्यामागं कुकरची शिट्टी झाली. ‘‘लिहा. पन मंग खोडलेलं ते पयले नीट करा. घरच्यासारखं म्हने! घरचं कोण आहे तिथं? आमीच आहोत.’’

‘‘करतो.’’

‘‘अन् आफिसची चाबी माह्यापाशी राहीन.’’

‘‘राहू दे. पूरं नाव सांग.’’

‘‘एवढ्या वर्सात नाव माईत नाई तुमाले?’’

पहिलं माहीत होतं. नवऱ्याचं आणि आडनाव तिनं सांगितलं, मी चहाच्या टपरीवर फळकुटावर फॉर्म ठेवून एकेक अक्षर लिहिलं. कार्डावरचा आठवा मुद्दाही खोडून तिचा लिहिला.

मांडव दहाला उघडला. मी सगळ्यात पुढं होतो. नाशिकच्या पोरीनं फॉर्म पाहिला आणि नंबर फिरवला. पिशवीत काही वाजलं नाही. तिकडं फोन उचलला गेला. पोरगी हाटेलबद्दल विचारू लागली, मग दवाखान्याबद्दल, मग शाकाहारी पाहुण्यांबद्दल. मध्येच मोठ्यानं हसली आणि माझ्याकडं पाहून पुन्हा हसली. बाई काय सांगत होती ते मला ऐकू येत नव्हतं. माझ्याशी बोलली त्याहून जास्त वेळ ती तिच्याशी बोलली. मी समोर उभा होतो. फोन ठेवून तिनं फॉर्मवर सही केली आणि फायलीत लावला. मग मला खुर्ची दाखवली, आणि मी बसलो.