चौथा हुंकार

माझा स्वभाव तापट. आई म्हणायची, हिच्या नाकावर माशी बसायची सोय नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी तर मी ऑफिसात रोज कुणावर तरी डाफरायचे, आणि सगळ्यात जास्त आमच्या सरांवर. अर्थात मनातल्या मनात. तोंडावर बोलायची छाती नव्हती.

बारामतीतल्या एका शेती सल्ला केंद्रात मी शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रकं तयार करत होते. शास्त्रज्ञ इंग्रजी-मराठीची खिचडी करून मजकूर द्यायचे, मी त्याचं सरळ मराठी करायचे, कॉम्प्युटरवर पान लावायचे आणि सरांकडे तपासायला पाठवायचे. सर मराठीचे निवृत्त शिक्षक होते. लाल पेन, जाड चष्मा, आणि बोलणं असं की समोरचा अजून नववीतच आहे.

मला ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम द्यायची खोड होती. सरांना ती सहन व्हायची नाही. “कांदा, लसूण आणि मिरची. ‘आणि’ जोडायलाच उभा आहे ना? मग त्याच्या दारात आणखी एक रखवालदार कशाला?” असं म्हणून ते प्रत्येक ठिकाणी लाल गोल करायचे. त्यांचं बरोबरच होतं. साध्या यादीत तो स्वल्पविराम लागत नाही, मराठीत तशी रीतही नाही. पण मला राग यायचा तो गोलांचा. एका पानावर आठ-आठ गोल! जणू पानाला देवी आल्यात.

डाळिंबाच्या फवारणीचं पत्रक आलं तेव्हा फळं लिंबाएवढी झाली होती आणि सगळ्यांना घाई होती. खरं तर त्याचा तक्ता करायला हवा होता. पण जागा एका पानाची, म्हणून मी वाक्य केलं: ‘पुढील फवारण्या एकमेकांत न मिसळता वेगवेगळ्या कराव्यात: बुरशीनाशक व स्टिकर, कीटकनाशक व निंबोळी अर्क, विद्राव्य खत व बोरॉन, आणि बोर्डो मिश्रण.’ फवारण्या चार. जे एका टाकीत जातं, जसं बुरशीनाशक आणि ते पानाला चिकटवून धरणारा स्टिकर, त्याच्यामध्ये ‘व’, आणि टाकी बदलली की स्वल्पविराम. शेवटचा बोर्डो एकटा. मोरचूद आणि चुना कालवून तो करतात. चुना मोरचुदातल्या तांब्याला धरून ठेवतो. त्यात आंबट गुणाचं खत पडलं की तांबं मोकळं होतं आणि पान भाजून निघतं. म्हणून ‘बोरॉन’च्या पुढचा स्वल्पविराम मी जाणूनबुजून दिला होता. यादीतल्या नगांच्या पोटातच ‘व’ असला, की शेवटच्या ‘आणि’आधी थांबावंच लागतं, नाहीतर शेवटचे दोन नग एकमेकांत मिसळतात.

सरांकडून पान परत आलं. लालच लाल. पान नीट बघायचेही कष्ट मी घेतले नाहीत. “घ्या तुमचं एकदाचं!” असं पुटपुटत कॉम्प्युटरला सांगितलं, स्वल्पविराम आणि ‘आणि’ जिथे जिथे जोडीनं दिसेल तिथे तिथे स्वल्पविराम काढ. एका झटक्यात सगळे गेले. पत्रक छापायला गेलं.

रविवारी कोऱ्या करकरीत पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी गावी गेले. आमचं गाव शेळगाव. आमची डाळिंबाची बाग आहे, माझे वडील, आबा, ती लेकरासारखी सांभाळायचे. पण गावात आबांची ओळख बागेमुळे नव्हती, वाचण्यामुळे होती. संध्याकाळी दूध घालायला आलेली माणसं डेअरीच्या ओट्यावर टेकायची आणि आबा त्यांना वाचून दाखवायचे. तहसीलची नोटीस, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, कुणाच्या सोयरिकीचा कागद, जे येईल ते. त्यांची वाचायची एक पद्धत होती. बोट ओळीवर ठेवायचं, एका दमात जेवढं येईल तेवढं वाचायचं आणि स्वल्पविराम आला की थांबायचं. थांबले की ओट्यावरची माणसं एकसुरात ‘हंऽ’ म्हणायची. हुंकार मिळाल्याशिवाय आबा पुढं जायचे नाहीत. अडाणी माणूसही हुंकार मोजून ध्यानात ठेवायचा, की गोष्टी इतक्या आणि त्या या अशा.

“आज आमच्या पोरीनं लिवलेलं वाचतो,” आबांनी आधीच जाहीर करून टाकलं. मी लाजून डेअरीच्या खांबाला टेकले. त्यांनी घसा साफ केला. बुरशीनाशक व स्टिकर. हंऽ. कीटकनाशक व निंबोळी अर्क. हंऽ. विद्राव्य खत व बोरॉन आणि बोर्डो मिश्रण. हंऽ.

तीन हुंकार झाले. मी मोजले नाहीत. मला फक्त आबांचा आवाज ऐकू येत होता, त्या आवाजातलं मिरवणं ऐकू येत होतं. आयुष्यात तेवढं सुख मला पुन्हा मिळालेलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी आबांचा फोन आला. “पोरी, पानं करपल्यात बघ. फळावर बी डाग पडल्यात. कागदात जसं हाय तसंच मारलं हुतं मी.” काय काय एकत्र केलं ते त्यांनी सांगितलं: विद्राव्य खत, बोरॉन आणि बोर्डो, सगळं एकाच टाकीत.

पहिला विचार काय आला सांगू? सरांचा. बरं झालं, सापडला म्हातारा! तो स्वल्पविराम त्यांनीच कापला असणार, मी तर दिला होता. तपासलेलं पान कपाटातून काढलं, त्यांच्या टेबलावर आपटायच्या तयारीनं. पानावर सहा गोल होते. सातव्या ठिकाणी, ‘बोरॉन’च्या पुढं, गोल नव्हता. तिथे समासात बारीक लाल अक्षरात लिहिलं होतं: ‘इथला राहू द्या. इथे हवाच.’

मी ते पान घेऊन सरांपुढे उभी राहिले. आपटलं नाही. सरांनी पान पाहिलं, छापील पत्रक पाहिलं, चष्मा काढला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “आधी लोकांना कळवा. रडायचं नंतर.” आम्ही सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर दुरुस्ती टाकली, केंद्रातून ज्यांना पत्रकं दिली होती त्यांना एकेकाला फोन केले, उरलेला गठ्ठा बाजूला काढला. नवं पत्रक केलं त्यात वाक्यच ठेवलं नाही. एकाखाली एक चार ओळी, चार आकडे.

नवी पत्रकं घेऊन दुपारच्या एसटीनं शेळगावला गेले. आबा बागेतच होते. झाडांखाली पानांचा सडा पडला होता, राहिलेली पानं कडेनं तपकिरी झाली होती. फळांवर काळपट चट्टे होते. आबा एकेक फळ हातात घेऊन सोडत होते. तोडत नव्हते, नुसते बघत होते.

“आबा, तुम्ही तीस वर्षं बाग करताय. बोर्डोत काही मिसळत नाहीत हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?” मी जवळजवळ ओरडलेच. चूक माझी आणि चढा आवाजही माझाच.

“ठावं हुतं की.” ते झाडाकडेच बघत होते. “टाकी भरताना हात आडला बी हुता माझा. पर म्हणलं, पोरगी शिकल्याली हाय, तितं मोठी मोठी मान्सं हायती. कायतरी नवं निघालं आसंल. तू लिवलंय म्हणल्यावर मी कोण?”

मी तिथेच बांधावर बसले. त्यांना सगळं सांगितलं, तो स्वल्पविराम, सरांची ती ओळ, माझा राग, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “चल, डेअरीवर जाऊ. दुसऱ्या कुणी मारायच्या आत सांगाया पायजे.”

ओट्यावर नेहमीची माणसं होती. मोबाईलवरची दुरुस्ती तिथे कुणी पाहिलेली नव्हती. आबा उभे राहिले. नेहमी बसून वाचणारा माणूस त्या दिवशी उभा राहिला. “त्या दिवशीच्या कागदात फवारण्या चार हायती. मी तीन वाचल्या. बोर्डो एकटाच मारायचा. माझी नजर आता नीट चालंना, वाचताना चुकलं माझं. माफी करा.”

मी शेजारीच उभी होते. तोंड उघडायला किती वेळ लागतो? एक वाक्य होतं. पण ओट्यावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी मनातल्या मनात कुणालाही फाडून खाणारी मी, त्या दिवशी खाली मान घालून पत्रकं वाटत राहिले. कुणी हंऽ म्हणालं नाही.

त्या दिवसापासून आबांनी ओट्यावर वाचणं सोडलं. दूध घालायला जायचे, कागद कुणी पुढं केला की म्हणायचे, “न्हाय बाबा, माझ्या नजरंचा भरवसा न्हाय.” घरी मात्र पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. चष्म्याचा नंबरही बदललेला नव्हता. बाग पुढच्या बहराला परत फुलली. मी दर सुट्टीला ठरवून जायचे, आज ओट्यावर जाऊन सांगायचंच. आणि दर वेळी तशीच परत यायचे.

गेल्या वर्षी आबा गेले. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटीच डेअरीवर गेले. ओट्यावर चार-पाच म्हातारे बसले होते. त्यांनी मला जागा करून दिली. त्यांच्यातले तात्या म्हणाले, “लई गोड वाचायचा. पर शेवटी नजरंनं दगा दिला त्याला.”

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. “तात्या, नजर चांगली होती त्यांची. शेवटपर्यंत. कागदावर जे होतं तेच त्यांनी वाचलं. कागद माझा होता, चूक माझी होती.” एवढं बोलले आणि हमसून रडायला लागले.

कुणाला काही धक्का बसलेला दिसला नाही. तात्यांनी पटक्याचं टोक डोळ्यांना लावलं. “आमाला ठावं हाय, पोरी. जुना कागद आन् तू दिल्याला नवा कागद शेजारी ठेवला तवाच समदं कळलं हुतं. दुसऱ्या दिवशी आमी त्याला इचारलं बी.”

“मग?”

“हात जोडलं त्यानं. म्हणला, माझ्या नजरंचं काय, ती आज न्हाय उद्या जायाचीच हाय. पोरीची नोकरी नवी हाय. तिच्याम्होरं कुणी काय बोलू नगा.”

मी खांबाला टेकून बसले, त्या रविवारी जिथे उभी होते तिथेच. मग तात्यांनीच, कुणी काही वाचत नसताना, हळूच म्हटलं, “हंऽ.”