देवाचं केशर हुंगल्याबद्दल

माझ्या आत्याबाईवर अन्याय झाला तो महायुद्धाच्या तिसऱ्या सालात, भाद्रपद शुद्ध पंचमीला, पर्वाच्या पहिल्या सकाळी, पूजेची ताटं भरायच्या वेळेस. ती विधवा होती. आमच्या जैन मंदिराच्या मागल्या खोलीत राहायची, पूजेसाठी केशर खलायची, फुलांऐवजी वाहायचे तांदूळ केशरात रंगवायची, फळ म्हणून चढवायचे बदाम निवडायची. त्या कामावरच तिची खोली होती आणि तिची भाकरही.

केशर यायचं वाशीमच्या पेठेतल्या एका दुकानातून. दुकानदार आमच्याच गावचा, मंदिराचा पंच. देवासाठी म्हणून तो अर्ध्या भावात द्यायचा आणि त्याबद्दल दर पर्वाला त्याचा सत्कार व्हायचा. लढाईत केशराचा भाव दर महिन्याला चढत होता, ह्याचा भाव तसाच. हे कसं जमतं, असं एकानंही विचारलं नाही. आमच्याकडे देवाच्या वस्तूचा भाव करत नाहीत आणि ती हुंगतही नाहीत. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, मग केशर कसं चालेल? पुडी बंद यायची, थेट खलात जायची. चोराला याहून सोयीचा रिवाज कुठला?

त्या सकाळी आत्याबाईनं पुडी उघडली आणि तिचा हात थांबला. तिनं मला हाक मारली.

"बाबू, हे पाह्य. केशराचा धागा एका टोकाले तुतारीसारखा फाकते. हे सारं चपटं हाय. अन् वास मधाचा नाई, वाळल्या गवताचा येते."

वाटीत गार पाणी घेऊन तिनं चिमूटभर टाकलं. पाणी क्षणात लालभडक झालं आणि धागे पांढरे पडले. खऱ्या केशराला वेळ लागतो. पाणी हळूहळू सोनेरी पिवळं होतं आणि धागा लालच राहतो. आमच्या शेताच्या बांधावर उगवते ती करडई. तिच्या वाळल्या पाकळ्या रंगवून देवापुढे आल्या होत्या. मग तिनं बदामाची थैली ओतली. निम्मे दाणे बुटके, रुंद, बदामाच्या मानानं फारच लहान.

"जर्दाळूच्या बिया. कडू जहर."

ती म्हणाली, गुपचूप दुसरं मागवू. मी तेव्हा नुकता स्वातंत्र्याच्या सभांतून पत्रकं वाटून आलो होतो. गुपचूप हा शब्दच मला शिवीसारखा वाटायचा. वाटी उचलली आणि भरल्या सभामंडपात पंचांपुढे ठेवली. ताजं पाणी घेऊन दुसरी चिमूट सर्वांसमोर टाकली. लोकांनी पाहिलं. दुकानदाराचा चेहरा उतरला. आपण जिंकलो, असं मला वाटलं.

मग त्यानं फार गोड आवाजात विचारलं, "पण बाई, पाण्यात टाकायच्या आंधी तुले कसं समजलं?"

आत्याबाई माझ्या मागोमाग मंडपात आली होती. उत्तर मीच दिलं, छाती काढून: "तिचं नाक हाय तसं! पुडी उघडल्याबरोबर वासावरून वळखलं. खऱ्या केशराले मधासारखा वास येते, याले वाळल्या गवताचा!"

पंचांच्या नजरा वाटीवरून आत्याबाईकडे वळल्या.

"म्हंजे देवाचं केशर हुंगलं तुनं?" एक म्हातारे पंच म्हणाले.

"काहून नाई हुंगणार," दुकानदार हसला. "लय तेज नाक हाय बाईचं. इतके दिवस देवाच्या आंधी हीच पूजा घेऊन राह्यली."

बाया हसल्या. ज्यांच्या बाळंतपणातले बदाम तिनं निवडून दिले होते, त्याच बाया.

आत्याबाई एवढंच म्हणाली, "वास नाकात आपोआप येते, भाऊ. त्याले दार नाई लावता येत."

दुपारी तिचं गाठोडं पायरीवर होतं. संध्याकाळी पंचांनी कारंज्याला माणूस धाडला, अशा एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडे जो भाव सांगण्याआधी डबी उघडून गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरतो. केशर आलं पुऱ्या भावाचं. धाडलेल्या माणसानं ते दुकानात मनसोक्त हुंगलं. पुरुष होता, कुणी काही बोललं नाही. म्हणजे पुडी खोटी होती हे पंचांना पटलं होतं. दुकानदार पंचच राहिला. त्या पर्वात त्याचा सत्कारही झाला.

आत्याबाई आता आमच्या ओसरीवर असते. माझ्यावर रागावली नाही. फक्त एकदा म्हणाली, "तू खरं बोलला, बाबू. पण मले इचारून बोलला असता तर."

गावकऱ्यांनो, तुम्ही हे पत्रक वाचताय, तुमच्यातले कितीतरी जण त्या मंडपात होते. वाटीतलं लाल पाणी तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. पंचांच्या पुढच्या बैठकीत उभे राहा, पाहिलं ते बोला, आणि तिच्या खोलीची किल्ली तिच्या हातात आणून द्या.