कुलूपबंद यंत्र

दार उघडताच आला तो बोंबलाच्या कालवणाचा वास. पण ताटातला नव्हे. दिवसभर कोंडलेला, आंबटसर, भिजलेल्या चिंचेला आणि सुकलेल्या तेलाला एकत्र धरून बसलेला. डिशवॉशरमधली भांडी सकाळी जशी होती तशीच होती. संध्याकाळी कामावरून येऊन, पर्स खांद्यावरून न उतरवताच मी ते दार उघडलं होतं, आणि माझ्या मागे सासूबाई उभ्या होत्या.

‘‘सुरूच नाय झाला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी किती येळ वाट बघली.’’

सासूबाई उरणच्या खाडीकाठच्या. बर्फात आणि मिठात हात घालून त्यांनी चाळीत मासळी विकली, मुलांना शिकवलं. ते हात आता भेगाळले आहेत. साबणाचं पाणी लागलं की भेगांतून रक्त येतं. डॉक्टरांनी पाणी वर्ज्य सांगितलं, म्हणून पनवेलच्या आमच्या घरात हे यंत्र आलं. भांडी यंत्रात लावायचं काम मात्र त्यांनी कुणाला दिलं नाही. वाट्या खाली तोंड करून, ताटं एकामागे एक, जणू परातीत पापलेटं मांडावीत तशी. माझ्या स्वयंपाकघरात त्यांच्या हक्काचं म्हणावं असं एवढंच काम उरलं होतं, आणि हे मला कळत होतं.

त्यांची एकच खोड होती. यंत्र चालू असताना दार उघडून त्या राहिलेला एखादा पेला आत सारत. आदल्या दिवशी तशीच वाफ त्यांच्या मनगटावर आली. कातडी लाल झाली. मी चिडले, त्या हसल्या. ‘‘अगो, चुलीजवळ जल्म गेला माजा.’’ त्या हसण्यानं माझी काळजी अधिकच चिडचिडी झाली.

म्हणून त्या दिवशी सकाळी, त्या आंघोळीला गेलेल्या असताना, मी दोन गोष्टी केल्या. इमारतीत पाणी उशिरा चढतं, त्यामुळे यंत्र चार तासांनी सुरू व्हावं अशी वेळ लावली. आणि लहान मुलांनी बटणं दाबू नयेत म्हणून जे कुलूप यंत्रात दिलेलं असतं, ते बटण दाबून धरून लावलं. पटलावर इवलंसं कुलपाचं चित्र उमटलं. दार उघडण्याला त्याने आडकाठी होत नाही, फक्त बटणं मुकी होतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात लहान मूल नाही. मी सासूबाईंना काही सांगितलं नाही. निघताना फक्त म्हणाले, ‘‘आई, मशीन आपोआप चालेल, हात लावू नका.’’

आता त्याच पटलावर चारचा आकडा तसाच उभा होता.

‘‘तुम्ही काही दाबलंत का?’’ मी विचारलं. आवाज मऊ ठेवला होता, पण प्रश्न मऊ नव्हता.

‘‘नाय. तू गेल्यावर उलथना राहिला होता, तो आत ठेवला. मग दार लावला. चालू नाय झाला, तवा एकदा बटन दाबून बघला. काय्येक होत नाय.’’

नवरा तोवर आला होता. ‘‘आई, तू हात लावला म्हणजे संपलंच. परवा रिमोट, आज हे,’’ तो हसत म्हणाला. त्याला ती थट्टा वाटली. सासूबाईंनी पदराला हात पुसले, जरी हात कोरडे होते.

मी खाली वाकले. उलथण्याचा लांब दांडा खालच्या जाळीतून बाहेर आला होता. दार त्यावर अडत होतं. पाहणाऱ्याला बंद वाटावं इतकंच ते टेकलं होतं. मी दांडा आडवा केला, जाळी आत ढकलली, दार दाबलं. खट् असा आवाज आला. म्हणजे खटका आत्ता कुठे बसला होता. दार असं घट्ट बसल्याशिवाय यंत्र पाण्याचा थेंबही आत घेत नाही, आणि त्याची वेळही पुढे सरकत नाही.

‘‘बघा,’’ मी म्हणाले. त्या एका शब्दात माझा केवढा सुटकेचा आनंद होता! चूक त्यांची निघाली होती.

चालू करायचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. आणि त्या मुक्या बटणावर बोट असतानाच मला आठवलं: कुलूप. ते मी लावलं होतं.

मी बोलले नाही. यावर माझ्याकडे आजही सबब नाही. नवरा यंत्राच्या कंपनीला फोन लावत होता. मला वाटलं, तो बोलत असताना हळूच बटण दाबून धरीन, कुलूप निघेल, आणि कुणाला काही कळणार नाही. पण त्याने फोन ओट्यावर ठेवला आणि स्पीकर लावला. पलीकडच्या मुलीने धीराने ऐकून घेतलं.

‘‘सर, पॅनलवर कुलपाचं चिन्ह दिसतंय का?’’

‘‘हो, दिसतंय.’’

‘‘चाइल्ड लॉक आहे ते. घरात लहान मुलं आहेत का?’’

‘‘नाही हो.’’

‘‘मग चुकून लागलं असेल. कुलपाच्या बटणावर काही सेकंद बोट दाबून धरा.’’

‘‘चुकून एवढा वेळ कोण दाबून धरेल?’’ नवरा स्वतःशीच पुटपुटला, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. त्या यंत्राकडे पाहत होत्या, त्या इवल्याशा चित्राकडे. ती खूण कळायला अक्षरं वाचता यावी लागत नव्हती.

कुलूप निघालं. चारचा आकडा राहिला. मुलगी म्हणाली, ‘‘ही उशिरा सुरू करायची वेळ आहे. ती शून्यावर आणा आणि स्टार्ट दाबा.’’ ते सगळं मीच केलं, कारण कुठलं बटण किती वेळा दाबायचं हे मलाच माहीत होतं. आत पाणी शिरल्याचा गुळगुळ आवाज आला. नवऱ्याने आभार मानले. स्वयंपाकघरात फक्त मी उरले.

सासूबाई आतल्या खोलीत पलंगावर बसून लुगड्याची घडी घालत होत्या. उशाशी पिशवी उघडी होती. त्यांची लेक जासईला असते. ती कधीपासून बोलावते आहे.

‘‘मीच लावलं होतं,’’ मी दारातून म्हणाले. ‘‘वाफ लागते तुम्हाला, म्हणून.’’

‘‘समजला मना.’’

‘‘आणि फोनच्या आधीच आठवलंही होतं.’’

घडीवरचा हात थांबला. ‘‘पोरांचा कुलूप,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मना सांगाचा ना गो. मी आयकली असती. नायतर भांडली असती. पन माज्या तोंडावर भांडली असती.’’

मनगटावरचा लाल डाग आता तांबूस झाला होता. मी पलंगाच्या कडेला बसले.  

‘‘जाऊ नका, आई. उद्यापासून भांडीही तुम्ही लावा आणि बटणंही तुम्हीच दाबा. कुठलं कशाचं ते मी दाखवते. कुलूप पुन्हा कधी लावणार नाही. राहाल ना?’’

त्यांनी लुगडं पिशवीत ठेवलं नाही. कपाटातही ठेवलं नाही. मांडीवर घेऊन त्याचे काठ जुळवत राहिल्या, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या,

‘‘बघू.’’