पोचलेला मेसेज

दूध संस्थेत मी नऊ वर्षं कॉम्प्युटरवर बसते. लग्न होऊन निमगाव सावाच्या या बाजूला आले, बी.कॉम.चं सर्टिफिकेट पेटीत पडलेलं, तेव्हा सासरे म्हणाले, बसून काय करतेस, संस्थेत जा. गेले. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ दुधाचा वास आणि माझा कीबोर्ड. तक्रार नाही, मला काम आवडतं. उलट माझ्या अंगात एक वाईट खोड आहे, की मला काम जरा जास्तच चांगलं करायचं असतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझी आई म्हणायची. मी हसायचे.

संस्थेचे मेसेज मीच पाठवते. दूध घातलं की सभासदाच्या मोबाईलवर इंग्रजीत पावती जाते: तारीख, लिटर, फॅट, दर. आकडेच असतात बरेचसे, त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्यालाही समजतं. दुसरा मेसेज असायचा तो दुःखाचा. गावात कुणी सभासद गेला, की संस्था सगळ्यांना कळवते. ही आमच्याकडची जुनीच रीत. पूर्वी माणूस सायकलवर वस्त्या-वस्त्या फिरायचा, मग मेसेज आले. तरुणांना व्हॉट्सॲपवर कळतं, पण म्हातारी माणसं, वस्तीवरच्या बाया, यांच्या हातात अजून बटणाचा फोन. त्यांच्यासाठी हा मेसेज मराठीतून जायचा.

आणि मराठीतला मेसेज महाग. आधी मला हेच कळत नव्हतं. मेसेजांचं पॅकेज सहा महिने पुरायचं ते चारच महिन्यांत संपायला लागलं, तेव्हा मी नारायणगावच्या त्या पॅकेजवाल्याला फोन करून चांगलंच झापलं. म्हटलं, "भाऊ, आमी काय येडी वाटलो का तुमाला?" तो बिचारा शांत माणूस. म्हणाला, "ताई, इंग्रजी मेसेजमधी एकशेसाठ अक्षरं बसत्यात. पण आत एक जरी मराठी अक्षर आलं, की अख्ख्या मेसेजची मोजणी बदलती. मग सत्तरच बसत्यात. सत्तरच्या वर गेलं की तुकडे पडत्यात, आन् तुकडे जोडायची खूण त्यातच घालावी लागती, म्हणून एका तुकड्यात सदुसष्टच. पैसे तुकड्यावर."

आणि त्यातही आपली अक्षरं आपण मोजतो तशी मोजत नाहीत. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला पाय मोडलेला तो हलंतसुद्धा वेगळा. 'अंत्यविधी' लिहून बघा. आपल्याला चार अक्षरं दिसतात, मशीन नऊ मोजतं. मी त्या दिवशी स्क्रीनवर एकेक अक्षर टाकून आकडा वाढताना बघत बसले होते. गंमत वाटली, खोटं कशाला बोलू?

मग मी मराठी मेसेज एका तुकड्यात बसवायचा प्रयत्न केला. बसतोय कुठला! माणसाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, त्याच्यापुढं आबा नाहीतर बापू, माळकरी असेल तर ह.भ.प. पाहिजेच, नाहीतर घरचे चेअरमनकडं भांडायला येणार. मग वय, वेळ, कुठली वस्ती, कुठला घाट. तीन तुकडे ठरलेले. चारशेच्यावर सभासद, प्रत्येकाला तीन-तीन. इंग्रजीत तेच सगळं एका तुकड्यात आणि वर जागा शिल्लक.

मी याचा तक्ता केला. रंगीत. एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. संचालकांच्या मिटिंगमध्ये मांडला. चेअरमन म्हणाले, "बघा, याला म्हणत्यात डोकं." टाळ्या वाजल्या. एक म्हातारे संचालक तेवढे बोलले, "पण इंग्लिश वाचणार कोण, राव?" तर दुसरे म्हणाले, "घराघरात पोरं हायेत की वाचायला." विषय मंजूर झाला. मेसेजचा मजकूर मोबाईल कंपनीकडून आधी मंजूर करून घ्यावा लागतो, मगच पाठवता येतो. तो इंग्रजी मजकूरही मीच भरला, गाळलेल्या जागा ठेवून. जुना मराठी मजकूर काढून टाकला नव्हता. तो तिथंच खाली होता, एका क्लिकवर.

आता आक्काचं सांगते. नदीकडच्या वस्तीवर एकटी राहायची. नवरा गेलेला, मुलगा चाकणला कंपनीत, महिन्या-दीड महिन्यानं येणारा. एक म्हैस, थोडा कांदा. चौथी शिकलेली, आणि वाचायची हौस इतकी, की वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. संध्याकाळच्या पाळीला सगळ्यांत पहिली तीच यायची, कारण उसातनं वाट आणि बिबट्याची भीती. मला 'सूनबाई' म्हणायची. माझ्या तक्त्यात घराघरात पोरं होती. आक्काच्या घरात म्हैस होती, आणि हे मला माहीत होतं.

आक्काचं माहेर गावातच, वरच्या आळीला. सख्खा भाऊ, तिच्याहून मोठा. आईवडील गेल्यावर त्यानं हक्कसोडाच्या कागदावर सही मागितली, हिनं दिली नाही. जमीन नको होती तिला, पण मागायची रीत झोंबली. "कागद पुढं सरकावला त्यानं, बस पण म्हणला न्हाई," एवढंच सांगायची. तेव्हापासून बारा वर्षं बोलणं नाही. भाऊबीज नाही, काही नाही. दोघंही आमच्याच संस्थेचे सभासद. एक सकाळी आला की दुसरी मागं थांबायची.

भाऊ आजारी पडला तेव्हा ती एकदा कॅन ठेवून माझ्या खिडकीशी उभी राहिली. म्हणाली, "सूनबाई, लई वाईट इचारते. त्याचं काय झालं, तर तुझा मेसेज येईल ना मला?"

मी म्हटलं, "आक्का, असं का बोलता? जाऊन भेटा की."

"तो बोलवीत न्हाई, मी जात न्हाई. पर तोंड मातूर बघायचंय मला त्याचं. मेल्यावर बोलावणं लागत न्हाई."

"येईल की मेसेज. सगळ्यांनाच जातो," मी म्हणाले.

मराठी बंद होऊन तेव्हा महिना झाला होता. तिच्याशी बोलताना हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. नंतर किती जणांना हे सांगत फिरले मी. पण खरंच आलं नाही.

आक्काचा भाऊ गेला एका सकाळी सातच्या सुमारास. तिचा भाचा, म्हणजे त्याचा मुलगा, संस्थेत सांगून गेला. पावणेनऊला मी मेसेज पाठवला. नाव, वय एकाहत्तर, अंत्यविधी अकरा वाजता. इंग्रजीत. एक तुकडा.

साडेदहाला भाच्याचा फोन आला. आमच्याकडं बहीण आल्याशिवाय भावाला उचलत नाहीत. भांडण असो, काही असो, बहिणीची वाट बघतात, तिनं पाणी घातल्याशिवाय पुढं काही करत नाहीत. तो म्हणाला, "वहिनी, आत्याला मेसेज गेलाय का तेवढं बघता का? मी फोन करणार व्हतो, पर आमचं तोंड न्हाई तिला फोन करायचं. मेसेज पोचला आसंल तर ईल ती."

मी कॉम्प्युटरवर मेसेजांच्या यादीत तिचा नंबर शोधला. पुढं हिरव्या अक्षरात डिलिव्हर्ड.

"हो, पोचलाय," मी सांगितलं.

तिला एक फोन लावायला मला किती वेळ लागला असता? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते, आणि रोज तेच उत्तर येतं. तिची वस्ती गावापासून तुटलेली. जवळचं एकच घर, ते मंचरच्या बाजाराला गेलेलं. बाकी सगळ्यांना वाटलं, सख्खी बहीण, तिला कळलंच असणार. आली नाही म्हणजे राग अजून गेला नाही. मलाही तसंच वाटलं. मी तर मनात तिला नावंही ठेवली. म्हटलं, तोंड बघायचं म्हणत होती, आणि वेळ आली तर अडून बसली.

संध्याकाळी पाचला ती आली. हातात कॅन, पदराला कांद्याची साल चिकटलेली. भावाला जाळून चार तास झालेले आणि ही दूध घेऊन आलेली!

तिनं खिडकीतून फोन पुढं केला. हसत होती. "सूनबाई, तुझं मशीन बिघाडलं का गं? सकाळी एकदा पावती आली, मग परत एक आली. आन् बघ, एकाहत्तर लिटर लिवलंय! माझी एक म्हैस, राव. एवढं दूध घातलं असतं तर माडी बांधली असती."

मी फोन हातात घेतला. तो मेसेज मीच लिहिलेला होता, तरी मला तो वाचवेना.

"आक्का, आत या. बसा."

"का गं?"

"ही दुधाची पावती नाही."

तिचं हसू गेलं. मी तिला मराठीत सांगितलं. नाव सांगितलं, वेळ सांगितली. एकाहत्तर हे वय आहे हेही सांगितलं, का कोण जाणे. तिनं विचारलं, "अकरा म्हंजी सकाळचं?" मी मान हलवली. ती रडली नाही. कॅन खाली ठेवायला गेली, तो नीट टेकला नाही, दूध सांडलं, आणि ती ते पदरानं पुसायला लागली. "ऱ्हाऊ द्या आक्का," मी म्हणत होते आणि रडत मीच होते. लाज वाटत होती रडायची. माझा काय हक्क?

मग म्हणाली, "चल माझ्यासंगं. एकली न्हाई जात मी तिथं."

संस्था तशीच टाकून मी निघाले. वरच्या आळीला भावाच्या दारात माणसं बसली होती. भाचा उठला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. त्यानं तिच्या पायाला हात लावला नाही.

"आत्या, आमी एक वाजोस्तवर थांबलो," तो म्हणाला. "दोन तास. लोकं म्हणत व्हती उचला, उचला. मी म्हणलं, ईल. आण्णा जाताना तुझंच नाव घेत व्हतं. एवढा राग व्हता का गं?"

आक्कानं मुठीतला फोन त्याच्या पुढं धरला. "मला वाचता आलं न्हाई रे," ती म्हणाली. "मी दुधाचं समजले."

त्यानं फोन घेतला. मेसेज वाचला, पुन्हा वाचला. मग वर बघितलं. तिच्याकडं नाही, माझ्याकडं.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमी तर पोचलाय म्हणला."