ताईला लिहिलेले साडेदहा

उद्याशेठचं खरं नाव त्याच्या गिऱ्हाइकांना विचारलंत, तर दहापैकी नऊजण डोकं खाजवतील. त्याचं दुकान फोटो फ्रेम करून देण्याचं. कुणी पायरी चढून विचारलं, "झाली का हो आमची फ्रेम?" की हा काच पुसता पुसता, मान वर न करता म्हणणार, "उद्या या." लग्नाचा फोटो टाकावा आणि पोर शाळेत जायला लागल्यावर फ्रेम घरी न्यावी, अशी त्याची चेष्टा गल्लीत चालायची. पण काम असं, की कोपऱ्यावरून बोट फिरवलं तरी सांधा लागायचा नाही. म्हणून लोक शिव्या देत जायचे आणि पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारं माणूस जगात एकच. त्याची थोरली बहीण.

हा लहान असताना म्हणायचा, "ताई, पाचला येतो." ताई पाचला कोपऱ्यावर हजर. हा उगवायचा दिवेलागणीला, गुडघे फोडून, चप्पल हातात घेऊन. रागवायची ती, चांगली खडसावायची. पण दुसऱ्या दिवशी याने "साडेपाच" म्हटलं, की पुन्हा साडेपाचला तिथंच उभी. शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगं, त्याचं काय ऐकतेस?" त्यावर ताई म्हणे, "त्यानं सांगितलंय ना." संपलं.

पुढे ताई मुलीकडे परदेशी राहायला गेली. त्या दिवशीही यानं सांगितलं होतं, "विमानतळावर येतो, भेटल्याशिवाय जाऊ नको." आणि एका गिऱ्हाइकाची फ्रेम हातात होती, खिळा वाकडा गेला, काच तडकली, नवी कापावी लागली. हा धापा टाकत पोचला तेव्हा ताई आत गेलेली. दारावरचा शिपाई म्हणाला, "एक बाई बराच वेळ थांबल्या होत्या खऱ्या. मुलगी हात धरून घेऊन गेली." काचेला नाक लावून हा उभा राहिला. आत सगळी परकी माणसं. त्यानंतर बहीणभावांची भेट नाही ती नाहीच. फोनवर बोलणं व्हायचं, पण ताईचे कान आताशा दगा देतात. काहीही सांगा, ती आपली "हो हो, छान छान" म्हणते. मग महत्त्वाचं काही असलं की फोन ठेवताना तिचं एकच पालुपद, "ते सगळं कागदावर लिहून पाठव बाबा."

तर यंदा उद्याशेठनं दुकानाला कुलूप लावायचं ठरवलं आणि तिकीट काढलं. उद्या नाही, आजच काढलं. गल्लीत हीच मोठी बातमी झाली.

तिकिटाच्या ऑफिसातली बाई मोठी बोलकी. तिनं तिथल्या विमानतळाचा नकाशा छापून त्याच्या हातात दिला आणि पेनानं रेघा मारून समजावलं. उतरलात की आधी पासपोर्टची रांग. मग खाली सामानाचा पट्टा. मग कस्टमचा दरवाजा, आणि त्याच्या पलीकडे घ्यायला आलेली माणसं. "सगळ्यात वेळ खातो तो पट्टा," ती म्हणाली. "तुमची एवढी छोटी बॅग हातातच ठेवलीत ना, तर तिथं थांबायचं कामच नाही. सरळ बाहेर."

सरळ बाहेर. उद्याशेठ नकाशाकडे बघत राहिला. ताईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. भाची बिचारी म्हणत होती, मामा, मी एकटीच येते घ्यायला. पण ताई ऐकते कसली! ती येणारच, आणि येऊन उभी राहणारच. सबंध जन्म तिनं वाट बघितली, आता एकदा तरी आपण तिच्या आधी पोचायचं. बस्स. एवढं एक जमलं तर विमानाचे पैसे वसूल.

त्या संध्याकाळी त्यानं दुकानातच बसून, नकाशा समोर ठेवून, मोठ्या अक्षरात पत्र लिहिलं.

"ती. ताई, मी इथून शुक्रवारी रात्री निघतो, पण तिकडे पोचेन तेव्हा शनिवार असेल, तारखेत गोंधळ करू नका. विमान तिकडच्या वेळेनं सकाळी नऊला उतरतं. टर्मिनल दुसरं. पहिल्यावर गेलात तर मधे बस घ्यावी लागते, तेव्हा भाचीला नीट सांग. माझ्याबरोबर दोन मोठ्या बॅगा आहेत आणि तिथं सामान यायला फार वेळ लागतो म्हणे. त्यामुळे साडेदहाच्या आत अजिबात येऊ नको. दाराशी कठड्याला लोक गर्दी करतात, तिथं उभी राहू नको. बाहेर येणाऱ्याच्या डाव्या हाताला औषधाचं दुकान आहे, त्याच्यासमोर खुर्च्या आहेत. तिथं बस. मीच येतो तिथं."

सगळं अक्षर न् अक्षर खरं. खोट्या फक्त दोन मोठ्या बॅगा आणि साडेदहा. पाकीट बंद करताना त्याला हसू फुटलं. जन्मभर लवकरची वेळ सांगून उशिरा जाणारा हा माणूस पहिल्यांदाच उशिराची वेळ सांगून लवकर पोचणार होता.

पण नशीब बघा कसं असतं. विमानात चढायच्या दारातच गणवेशातल्या मुलीनं त्याला अडवलं. विमान भरलंय, वरच्या कप्प्यांत जागा नाही, तुमची बॅग खाली सामानात टाकावी लागेल.

"अहो, छोटीशी तर आहे!"

"म्हणूनच टाकतेय. औषधं, पासपोर्ट, मौल्यवान काही असेल ते काढून घ्या." तिनं बॅगेला चिठ्ठी अडकवली आणि तिचा तुकडा याच्या हातात दिला. "उतरल्यावर पट्ट्यावर मिळेल."

पट्ट्यावर! उद्याशेठच्या तोंडचं पाणीच पळालं. गोळ्यांची डबी आणि स्वेटर छातीशी धरून तो अख्खा प्रवास बसून राहिला. शेजाऱ्यानं तीनतीनदा विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

विमान वेळेवर उतरलं. पासपोर्टची रांगही सरसर सरकली. आणि पट्ट्यापाशी येऊन सगळं ठप्प. पट्टा फिरतोय, रिकामाच फिरतोय. मग सामान यायला लागलं, पण ते दुसऱ्यांचं. निळी पेटी, लाल पेटी, दोरीनं बांधलेलं खोकं, कुणाची तरी बाबागाडी. याची करडी बॅग काही दिसेना. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून गेले. 'घे,' तो स्वतःला म्हणाला, 'लिही अजून खोटं! म्हणे सामान यायला फार वेळ लागतो. लागला की नाही?'

शेवटी न राहवून तो सामानाच्या खिडकीशी गेला. "मी जरा बाहेर जाऊन, बहिणीला बसवून परत येऊ का?"

"बाहेर गेलात की परत आत येता येत नाही," खिडकीतली बाई म्हणाली. "थोडं थांबा. चढताना घेतलेल्या बॅगा शेवटी येताहेत."

तो परत वळतो तो, पट्ट्याच्या तोंडातून त्याची बॅग बाहेर पडत होती, सगळ्यांत मागून, लाजत लाजत. उद्याशेठनं ती अशी उचलली जशी काही कुणी पळवणारच होतं. कस्टमला दाखवण्यासारखं काही नव्हतं, तो हिरव्या पाटीच्या दरवाज्यानं तडक बाहेर आला, कठड्याच्या गर्दीतून वाट काढत डावीकडे वळला. औषधाचं दुकान. खुर्च्या. आणि खुर्च्या रिकाम्या!

जिंकलो! त्याला ओरडावंसं वाटलं. बसायला मात्र पाय तयार होईनात. तो दुकानाच्या काचेशी उभा राहिला आणि एवढ्यात समोरच्या रस्त्याकडच्या दारातून ताई आत आली.

भाची गाडी लावायला गेली असणार, ताई एकटीच होती. केवढीशी झाली होती ती. काठी टेकत, एकेक पाऊल मोजून टाकत ती खुर्च्यांपाशी आली. पिशवीतून पत्र काढलं, औषधाच्या दुकानाची वरची पाटी तेवढी बघितली, मान हलवली आणि कस्टमच्या दाराकडे तोंड करून बसली. त्याच्याकडे तिची पाठ होती. आजूबाजूला बघायचं तिच्या मनातही आलं नाही. भाऊ आत सामान घेतोय, तसं त्यानं लिहिलंय.

हाक मारायला उद्याशेठनं तोंड उघडलं. तेवढ्यात दार सरकलं, आणि ताई काठीवर जोर देऊन अर्धी उठली. कुणीतरी परकं जोडपं बाहेर आलं. ती परत बसली. पुन्हा दार सरकलं, पुन्हा ती उठली. मान पुढे, डोळे बारीक करून, ओठांवर आधीच हसू आणून ठेवलेलं. माणूस तिचा नव्हता. हसू जपून ठेवल्यासारखं ती खाली बसली.

उद्याशेठ जागच्या जागी थिजला. इतक्या वेळा त्यानं तिला वाट बघायला लावलं, पण वाट बघताना ती कशी दिसते हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं. ठाऊक कसं होणार? तो कोपऱ्यावर पोचायचा तेव्हा तिनं त्याला आधीच पाहिलेलं असायचं आणि ती रागवायला तयार असायची. हे उठणं, हे बसणं, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्याला भरून आलं. तिसऱ्यांदा दार सरकलं तेव्हा मात्र त्याला ते बघवेना. तो पुढे झाला आणि गुपचूप तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला.

ताईनं मान वळवली नाही. शेजारी कुणी आलंय एवढं कळून तिनं पिशवी आपल्याकडे ओढली. जगात सगळ्यांना मराठी येतं अशी तिची ठाम समजूत. "बसा, बसा," ती दारावरची नजर न काढता म्हणाली. "माझा भाऊ यायचाय. सामान घेतोय आत. म्हातारा झालाय हो तोही, आणि दोन मोठ्या बॅगा. येईल हं, लिहिलंय त्यानं."

"ताई," उद्याशेठ तिच्या कानाशी वाकून म्हणाला.

ती वळली. आधी त्याच्याकडे, मग दाराकडे, मग पुन्हा त्याच्याकडे बघितलं. "अरे! तू? कुठून आलास? मी तर दाराकडेच बघतेय!" आणि मग एकदम तिचा चेहरा पडला. "म्हणजे तू आधीच आलास? मला उशीर झाला? पोरगी म्हणत होती लवकर निघू, विमान उतरलं म्हणून फोनवर दिसतंय. मीच म्हटलं, साडेदहा लिहिलंय त्यानं, साडेदहाच. आणि तुला इथं थांबावं लागलं?"

"फार नाही गं."

"तरी पण!" तिनं त्याचा हात घट्ट धरला. डोळे पाण्यानं भरलेले. "एकटाच बसलास? कंटाळलास का रे?"

हा प्रश्न उद्याशेठनं तिला एकदाही विचारला नव्हता. कोपऱ्यावर नाही, कुठंच नाही. तो म्हणाला, "मी नाही कंटाळलो. तू कंटाळायचीस का गं तेव्हा?"

"तेव्हा कधी?"

"माझी वाट बघताना."

ताईनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही त्यानं अगदीच खुळ्यासारखं विचारलंय.

"कंटाळायला काय झालं?" ती म्हणाली. "तू येणार असायचास ना."